महागाईत हप्ता खरंच हलका होतो का?

*ताई, नमस्कार. मी यावल तालुक्यातला. केळी, भाजीपाला, खताच्या गोण्या अशी भाडी मारतो, पण आजवर दुसऱ्याच्या गाडीवर. आता स्वतःची पिकअप घ्यायची आहे. सगळे कागद होऊन गाडी 10 लाखांना पडेल. 2 लाख हातात आहेत, 8 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी काढावं लागेल. बँक साडेदहा टक्के फिक्स म्हणते, शोरूममध्ये बसणारा फायनान्सवाला 8 टक्के म्हणतो. शिवाय 3 लाखांची एफडी आहे, साडेसहा टक्क्यांची. गाडीचा सगळा खर्च जाऊन महिन्याला 40 हजार सुटतील असा अंदाज आहे, घरखर्च 18 हजार. मामा म्हणतात, ‘घेऊन टाक भो, एफडीला हात लावू नको. महागाई वाढतेय, पैशाची किंमत उतरतेय, हप्ता मात्र तेवढाच. पाच वर्षांनी तो चिल्लर वाटेल.’ बायकोला धास्ती वाटते. कोणाचं खरं?*

*— एक वाचक, यावल तालुका*

भाऊ, मामांनी सांगितलेला हिशेब खोटा नाही. पण त्यात त्यांनी एक गोष्ट न बोलता धरून ठेवली आहे, ती म्हणजे महागाईबरोबर तुमचं भाडंही वाढेल. तुमच्या घरात चाललेल्या वादाचा निकाल त्या एकाच गोष्टीवर लागतो, म्हणून आधी मामांची बाजू नीट मांडते आणि मग तिथे येते.

8 लाख, साडेदहा टक्के, घटत्या शिलकीवर म्हणजे फेडायचं उरलेल्या मुद्दलावरच व्याज आणि 60 हप्ते, म्हणजे महिन्याला सुमारे 17,195 रुपये. दर खरोखर फिक्स असेल तर पहिला हप्ताही एवढाच आणि साठावाही एवढाच. समजा या पाच वर्षांत सगळ्या वस्तू दरवर्षी 6 टक्क्यांनी महाग होत गेल्या. मग शेवटच्या हप्त्याच्या 17,195 रुपयांत जो बाजार येईल, तो आज 12,850 रुपयांत येतो. आकडा तोच, पण त्याची ताकद पाव हिश्श्याने कमी झालेली. बँकेच्या बाजूने पाहिलं तर तिला साडेदहा टक्के मिळतात, त्यातले सहा महागाई खाते आणि तिच्या पदरात खरे साधारण साडेचारच पडतात. व्याजातून महागाई वजा केली की जो दर उरतो त्याला अर्थशास्त्रात वास्तव व्याजदर म्हणतात. महागाई चढली की फिक्स कर्जाचा वास्तव दर उतरतो, एवढं मामांचं शंभर टक्के खरं.

इतिहासात याची टोकाची उदाहरणंही आहेत. 1923 साली जर्मनीत महागाई इतकी भडकली की घरं गहाण ठेवून काढलेली वर्षानुवर्षांची कर्जं कवडीमोल झाली. कर्जदार मोकळे झाले आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी उसनी दिली होती ते धुऊन निघाले.

पण तिथे कोणालाच एवढ्या महागाईचा अंदाज नव्हता, म्हणून ते घडलं. तुमची बँक साडेदहा टक्के ठरवते तेव्हा येत्या काही वर्षांत महागाई साधारण किती राहील याचा अंदाज त्या दरात आधीच घातलेला असतो. म्हणजे महागाई नुसती असून तुमचा फायदा होत नाही. बँकेने धरली त्यापेक्षा ती जास्त निघाली, तरच होतो. आणि आपल्याकडे ती फार काळ हाताबाहेर राहू नये यासाठी एक संस्था बसलेली आहे. 2016 पासून रिझर्व्ह बँकेला 4 टक्के महागाईचं लक्ष्य कायद्याने दिलेलं आहे, वर-खाली 2 टक्क्यांची मोकळीक धरून. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. पुढच्याच महिन्यापासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढायला लागला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 4 वरून साडेसहावर पोचला. ज्यांचं घरकर्ज रेपोशी बांधलेलं होतं त्यांना त्या महागाईने काही सूट दिली नाही, उलट त्यांचा हप्ता वाढला किंवा मुदत लांबली. ज्यांचा दर खरा फिक्स होता तेच तेवढे वाचले.

आता त्याची दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर 2025 मध्ये तीच किरकोळ महागाई 0.25 टक्क्यावर आली होती. भाजीपाला आणि खाण्याच्या वस्तूंचे भाव पडल्यामुळे ती एवढी खाली गेली. त्या महिन्यात साडेदहाने कर्ज फेडणाऱ्याला वास्तव दर जवळजवळ पूर्ण साडेदहाच बसत होता. आणि भाजीचे भाव पडतात तेव्हा तुमच्यासारख्याचं भाडंही शेतकरी आणि व्यापारी घासूनच देतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. फिक्स कर्ज महागाई वाढली तर तुमच्या बाजूने झुकतं आणि ओसरली तर बँकेच्या बाजूने. पाच वर्षं ती चढीच राहील, असं मामाच काय, कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. रेडिओवर सांगतात ती महागाई अख्ख्या देशाची सरासरी असते. तुमचा हप्ता त्या सरासरीने हलका होत नाही, तुमच्या कमाईने होतो. म्हणून कर्ज रुपयांत मोजू नका, खेपांत मोजा.

तुमचेच आकडे घेते. समजा एका खेपेचं भाडं 2,000 आणि डिझेल, टायर, सर्व्हिसिंग, विमा यांचा त्या खेपेवर येणारा वाटा 1,000. एका खेपेला 1,000 सुटले, महिन्याला 40 खेपा झाल्या की तुमचे 40 हजार झाले. आज हप्ता म्हणजे 17 खेपा. आता सगळंच 10 टक्क्यांनी महागलं आणि तुम्हीही भाडं तेवढंच वाढवू शकलात, तर भाडं 2,200, खर्च 1,100 आणि सुटतात 1,100. हप्ता साडेपंधरा खेपांवर येतो. मामा म्हणतात ते हेच.

पण खर्च 20 टक्क्यांनी वाढला आणि भाडं मात्र तिथेच अडकलं, तर खेपेला 800 सुटतात आणि हप्त्यासाठी साडेएकवीस खेपा माराव्या लागतात. कर्ज फिक्स, दर फिक्स, महागाई भरपूर, तरीही कर्ज जड झालं. बँकेने काहीच बदललं नाही. बदललं ते तुमच्या खर्चाचं आणि भाड्याचं नातं.

आपल्या भागात हे कापसात सगळ्यांनी भोगलं आहे. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून किती जणांनी कापूस घरात साठवून ठेवला होता, आठवा. भाव आला सात-आठ हजारांचा. त्या 2022-23 या वर्षात देशाची महागाई सरासरी 6.7 टक्के होती, म्हणजे खत, मजुरी, किराणा सगळं वाढतच होतं. ज्याने 10 हजारांचा भाव धरून 4 लाखांचं कर्ज काढलं, त्याच्यासाठी ते 40 क्विंटलचं कर्ज होतं. 7 हजार भावाने ते 57 क्विंटलचं झालं. महागाई होती, पण ती त्याच्या खर्चात होती, त्याच्या मालात नव्हती. सरकारी नोकरीतल्या माणसाला महागाईबरोबर महागाई भत्ता वाढून मिळतो. म्हणून ‘हप्ता पुढे हलका होतो’ हे वाक्य त्याच्या तोंडी शोभतं. मामा नोकरीत असतील तर त्यांनी स्वतःचा अनुभवच सांगितला आहे, फक्त तो तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही.

घरखर्चाचीही गोष्ट आहे आणि वहिनींची धास्ती बहुधा तिथूनच येते. आज 40 हजारांतून 18 हजार घरखर्च आणि 17,195 हप्ता गेला की 4,805 उरतात. दरवर्षी 6 टक्के महागाई धरली तर पाच वर्षांनी तोच घरखर्च 24,088 होतो. कमाईही त्याच गतीने वाढून साडेत्रेपन्न हजारांवर गेली, तर हप्ता भरूनही 12 हजारांवर शिल्लक राहते. छान. पण कमाई 40 हजारांवरच थांबली तर दर महिन्याला 1,283 रुपये कमी पडतात. महागाई तीच, हप्ता तोच, आणि एका घरात सुख तर दुसऱ्या घरात उधारी. वहिनी उगाच घाबरत नाहीत.

म्हणून सही करण्याआधी एक काम करा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर भाडी मारलीत, तुमच्याकडे किंवा मालकाकडे जुन्या वह्या असतीलच. डिझेल वाढलं त्यानंतर भाडं किती दिवसांनी आणि किती वाढलं, ते त्यातून काढा. महिना-दीड महिन्यात वाढत असेल तर मामांचं गणित तुम्हाला बरंचसं लागू पडतं. हंगाम संपेपर्यंत जुनाच दर रेटावा लागत असेल तर नाही. केळीच्या बागेवरून माल उचलताना एकेका व्यापाऱ्याशी अख्ख्या हंगामाचा दर ठरवायची पद्धत असेल, तर तिथेच बोलून घ्या की डिझेल लिटरला 5 रुपयांनी वाढलं तर खेपेमागे इतके वाढवून द्यायचे. कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या तरी पुरे. पाच वर्षांत व्याजदरावर घासाघीस करून जे मिळणार नाही, ते या दोन ओळींतून मिळू शकतं.

खेपा मोजताना बारा महिने सारखे धरू नका. जूनच्या तोंडी वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या की त्या भागातल्या खेपा संपल्या, आणि हप्ता त्या महिन्यातही 17,195 च असतो. सरासरी 40 खेपा म्हणजे काही महिने 50 आणि काही महिने 25, असं धरूनच चाला.

आता एफडी. इथे मी मामांच्या स्पष्ट विरोधात आहे, आणि तेही त्यांच्याच तर्काने. पैशाची किंमत उतरते म्हणतात ना, मग ती सगळ्यात आधी कुठे उतरते? बँकेत पडून असलेल्या पैशात. 6 टक्के महागाईत साडेसहा टक्क्यांची एफडी जेमतेम जागेवर राहते, आणि कर भरावा लागत असेल तर मागेच जाते. एका हाताने साडेसहाने पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने साडेदहाने काढायचे, म्हणजे दर लाखामागे वर्षाला 4 हजार स्वतःच्या खिशातून सोडायचे. महागाई किती का असेना, हा 4 टक्क्यांचा फरक ती भरून देत नाही, कारण ती दोन्ही आकड्यांना सारखीच लागते.

तरीही सगळी एफडी मोडू नका. एक इंजिनकाम निघालं किंवा दोन महिने खेपा थांबल्या तर हात पसरायची वेळ यायला नको. त्यातले 1 लाख ठेवा आणि 2 लाख गाडीत घाला. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज थोडं कापते, ते किती ते विचारून घ्या. कर्ज 8 ऐवजी 6 लाखांचं होईल आणि हप्ता 12,896 वर येईल, म्हणजे 17 ऐवजी 13 खेपा. आता मघाचीच वाईट बाजू परत घाला, कमाई पाच वर्षं 40 हजारांवर थांबलेली आणि घरखर्च 24,088. तरीही हप्ता भरून तीन हजार उरतात. महागाई मामा म्हणतात तशी आली तर कर्ज छोटं काढल्यामुळे थोडा फायदा हुकेल, हे कबूल. पण ती तुमच्या उलट फिरली तर गाडी ओढून नेण्याची वेळ येणार नाही. माझ्या मते तुमच्यासाठी हे दुसरं जास्त मोलाचं आहे.

शोरूममधल्या 8 टक्क्यांकडे येते. हा जवळजवळ नक्की फ्लॅट दर असणार. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत मूळ 8 लाखांवर धरतात, तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं असलं तरी. 8 लाखांवर 8 टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज 3 लाख 20 हजार, एकूण 11 लाख 20 हजार, भागिले 60. हप्ता 18,667 येतो, बँकेपेक्षा महिन्याला जवळजवळ दीड हजाराने जास्त. घटत्या शिलकीच्या हिशेबात हा दर 14 टक्क्यांच्या थोडा वरच पडतो. मामांची 6 टक्के महागाई त्यातून वजा केली तरी वास्तव दर आठच्या आसपास उरतो. एवढ्या दराचं कर्ज महागाई फेडून देईल ही आशाच सोडा. शेकडा दोनने, म्हणजे वर्षाला 24 टक्क्यांनी, खासगीत पैसा घेणाऱ्यांनी तर महागाईचं नावही काढू नये.

दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हे तोंडी विचारून कळत नाही, काउंटरवर काहीही उत्तर मिळतं. सोपी खूण अशी की हप्त्याला महिन्यांनी गुणा आणि त्यातून कर्जाची रक्कम वजा करा. जे उरलं त्याला आधी कर्जाने आणि मग वर्षांनी भागून बरोबर 8 टक्के आले, तर दर फ्लॅट आहे. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा एकच दर छापलेला असतो, त्याला एपीआर म्हणतात. बँकेचा आणि फायनान्सवाल्याचा एपीआर शेजारी ठेवा आणि त्यावरच ठरवा.

‘गाडी महागेल, आत्ताच घे’ असंही कोणी ना कोणी म्हणेलच. गाडी वर्षाला 5 टक्क्यांनी महागत असेल आणि कर्ज साडेदहाचं असेल, तर नुसत्या किमतीच्या भीतीने घाई करण्यात काही हशील नाही. आणि किमती खालीही येतात. 22 सप्टेंबर 2025 ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा आदल्या महिन्यात कर्ज काढून घाई करणाऱ्यांचे 60 हप्ते जुन्या किमतीवरच बसलेले होते. गाडी त्या दिवसापासून तुम्हाला खेपा मिळवून देणार असेल तर आज घ्या. महागेल म्हणून दारात उभी करायची असेल तर थांबा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वह्यांतला हिशेब बरा निघाला तर गाडी घ्या. बँकेकडून घ्या, फिक्स दराने घ्या, 6 लाखांचं कर्ज काढा आणि 1 लाख बाजूला ठेवा. वहिनींना सोबत घेऊन बँकेत जा, कारण त्या प्रश्न जास्त विचारतील असं पत्रावरून वाटतं. मंजुरीपत्रात दोन ठिकाणं बोट ठेवून वाचा. दर ठरावीक काळाने बदलण्याचा हक्क बँकेने राखून ठेवला आहे का? ठेवला असेल तर तो नावापुरता फिक्स आहे आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. आणि कर्ज मुदतीआधी फेडलं तर किती टक्के दंड? उद्या व्याजदर उतरले तर फिक्स कर्जातून बाहेर पडायची किंमत तीच असेल. दंड एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर सही करू नका, आधी दुसऱ्या बँकेत विचारून या.